टॅप वाढवले तरी स्टॉपबँड 21 डीबीवरच अडकतो: सिंक कापून केलेला एफआयआर लो-पास फिल्टर दुरुस्त करताना

लक्षण बहुतेक वेळा असं सांगितलं जातं. ईसीजीच्या सिग्नलमध्ये मेन्सचा 50 हर्ट्झचा गोंगाट आहे. तो काढायला एफआयआर लो-पास फिल्टर हवा. पुस्तकात दिल्याप्रमाणे आदर्श लो-पासचा प्रतिसाद, म्हणजे सिंक फलन, घेतलं. ते दोन्ही बाजूंना अनंत लांब असतं म्हणून मधला तुकडा ठेवून बाकीचा कापला आणि उरलेले आकडे गुणांक म्हणून वापरले. फिल्टर चालतो, कटऑफही हवा तिथे येतो. पण आलेखात कटऑफच्या पलीकडे पहिली लाट 21 डीबीच्या आसपास डोकं वर काढते. टॅप 31 होते ते 119 केले, मग 1001 केले. उतार तीव्र होत गेला, पण ती पहिली लाट 21 डीबीलाच राहिली. कुठे चुकतंय?

गणितात चूक नाही. सिंक नुसता कापला की असंच होतं, आणि टॅपच्या संख्येने ते बदलत नाही. एकच ठरावीक उदाहरण घेऊन हे का होतं आणि बरोबर फिल्टर कसा काढायचा ते पाहू. विंडो लावल्यावरही काही तक्रारी राहतात, त्यांची कारणं वेगळी आहेत. त्या शेवटी घेतल्या आहेत.

उदाहरणाची मापं

सॅम्पलिंग 500 हर्ट्झ. ठोके मोजणं आणि पडद्यावर लय दाखवणं एवढाच उपयोग, त्यामुळे 35 हर्ट्झपर्यंतचा भाग शाबूत ठेवायचा आणि 49 हर्ट्झपासून पुढचं सगळं दाबायचं. 50 ऐवजी 49 घेतलं कारण मेन्सची वारंवारता 50 ला खिळलेली नसते, थोडी खालीवर होते. कटऑफ या दोन कडांच्या बरोबर मध्ये, 42 हर्ट्झवर.

निदानासाठीच्या ईसीजीला हा फिल्टर लावू नका. मोठ्या माणसांच्या निदानाच्या ईसीजीत 150 हर्ट्झपर्यंतचा भाग जपावा लागतो. इथे आपण फक्त मॉनिटरिंगबद्दल बोलतोय.

21 डीबी म्हणजे किती, तेही आकड्यात पाहा. 21 डीबीने सिग्नल साधारण 11 पट लहान होतो. इलेक्ट्रोडवर अर्ध्या मिलिव्होल्टचा गोंगाट येत असेल आणि तो नेमका त्या लाटेत सापडला, तर फिल्टरनंतरही 45 मायक्रोव्होल्ट उरतो. नेहमीच्या 10 मिलिमीटरला 1 मिलिव्होल्ट या मापाने कागदावर ती जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची थरथर होते. लहानशी पी लाट त्यात सहज विरून जाते. 53 डीबीने तोच गोंगाट सुमारे 450 पट लहान होऊन 1 मायक्रोव्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे दिसेनासाच होतो.

आधी खात्री करा की दुखणं हेच आहे

स्टॉपबँडमधली सर्वांत उंच लाट मोजा. फक्त 50 हर्ट्झवर किती दाबलं गेलं ते बघू नका, कारण इथेच बरेच जण फसतात. कापलेल्या सिंकचा स्टॉपबँड म्हणजे लाटांची रांग असते, आणि दोन लाटांच्या मध्ये प्रतिसाद शून्यापर्यंत उतरतो. तुमची वारंवारता नशिबाने अशा शून्याजवळ पडली तर चाचणीत फिल्टर उत्तम वाटतो. मग सॅम्पलिंग किंवा टॅपची संख्या जराशी बदलली की तोच फिल्टर अचानक "बिघडतो".

```python
import numpy as np
from scipy.signal import freqz

fs, fc, N = 500.0, 42.0, 119
m = np.arange(N) - (N - 1) / 2
h = 2 * fc / fs * np.sinc(2 * fc / fs * m)

f, H = freqz(h, worN=16384, fs=fs)
dB = 20 * np.log10(np.abs(H) + 1e-12)
print(dB[f >= fc + fs / N].max())
```

`worN=16384` उगाच दिलेलं नाही. `freqz` स्वतःहून 512 बिंदू घेतो, म्हणजे 0 ते 250 हर्ट्झमध्ये साधारण दर अर्ध्या हर्ट्झला एक. 1001 टॅपच्या फिल्टरच्या लाटाही नेमक्या अर्ध्या हर्ट्झच्या अंतराने येतात. बिंदू आणि लाटा असे जवळजवळ एकाच पावलाने चालले की लाटांचे माथे आलेखात धड उमटत नाहीत, आणि टॅप वाढवून प्रश्न सुटल्याचा भास होतो. बिंदू भरपूर घ्या आणि उभा अक्ष डीबीमध्ये ठेवा. साध्या अक्षावर 0.09 उंचीची लाट तळाशी चिकटलेली दिसते, तिच्याकडे लक्षच जात नाही.

वरच्या कोडमध्ये N बदलून पाहा. 31 टॅपना उत्तर 21 च्या दोन-एक डीबी इकडेतिकडे येईल, 119 ला 21 च्या अगदी जवळ, 1001 ला जवळपास 21 च. लाटेची जागा मात्र सरकते. पहिली लाट कटऑफपासून साधारण fs/N इतकी दूर असते, म्हणजे 31 टॅपना 58 हर्ट्झजवळ, 119 ला 46 जवळ आणि 1001 ला 42.5 जवळ. लाट बुटकी होत नाही, ती फक्त अरुंद होऊन कटऑफला चिकटते. तुमच्या आलेखात हे दिसत असेल तर दुखणं हेच.

लाटेची उंची का बदलत नाही

सिंक कापणं म्हणजे त्याला एका आयताने गुणणं: आत 1, बाहेर 0. काळाच्या बाजूला गुणाकार केला की वारंवारतेच्या बाजूला कॉन्व्होल्युशन होतं. म्हणून आपल्याला आदर्श, काटकोनी प्रतिसाद मिळत नाही. त्या काटकोनी पायरीवरून आयताचा वर्णपट सरकत जातो आणि प्रत्येक जागी त्याचं जे क्षेत्रफळ पासबँडमध्ये पडतं, तो त्या वारंवारतेचा प्रतिसाद होतो.

आयताच्या वर्णपटात मधोमध एक मोठा लोब असतो आणि दोन्ही बाजूंना आलटून पालटून ऋण आणि धन असे लहान लोब. मोठा लोब कटऑफ ओलांडून पूर्णपणे पलीकडे गेला की पासबँडमध्ये फक्त बाजूचे लोब उरतात. पहिला लोब ऋण, पुढचा धन, त्यापुढचा पुन्हा ऋण, अशी त्यांची बेरीज नीट मिटत नाही, आणि हे न मिटलेलं क्षेत्रफळ म्हणजेच पहिली लाट. आता टॅप वाढवा. लोब अरुंद होतात, पण त्याच प्रमाणात उंचही होतात. क्षेत्रफळ तेवढंच राहतं. क्षेत्रफळ तेवढंच म्हणजे लाटही तेवढीच.

तिची उंची पायरीच्या 8.95 टक्के येते. 0.0895 चं डीबीमध्ये रूपांतर केलं की उणे 20.96. तुमचा 21 चा आकडा इथून येतो. हा फूरिए मालिकांमधला जुना परिणाम आहे. हेन्री विल्ब्रहम याने 1848 मध्ये तो मांडला होता, पण तो विसरला गेला. 1899 मध्ये गिब्जने तो पुन्हा स्पष्ट केला आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. तिथे पायरी काळात आणि कापणी वारंवारतेत होती, आपल्याकडे उलट आहे, एवढाच फरक.

यातली एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. ठरावीक टॅपमध्ये आदर्श प्रतिसादाच्या सरासरी वर्गचुकीने सर्वांत जवळ जाणारा फिल्टर हाच, नुसता कापलेला सिंक. म्हणजे एका अर्थाने तो सर्वोत्तम आहे. पण सगळ्या पट्ट्यातली चूक सरासरीत कमी असणं आणि कुठल्याही एका जागी चूक मोठी नसणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत. आपला गोंगाट एकाच वारंवारतेवर बसलेला आहे, त्याला सरासरीशी देणंघेणं नाही. म्हणून सरासरीचा थोडा तोटा सोसून सर्वांत मोठी चूक खाली आणायची. विंडो नेमकं हेच करते.

दुरुस्ती: कडा हळूहळू उतरवा

आयताऐवजी मध्ये 1 आणि टोकांकडे हळूहळू उतरणारं फलन घ्यायचं. असं फलन वापरलं की त्याच्या वर्णपटातले बाजूचे लोब खूप लहान होतात आणि न मिटणारं क्षेत्रफळही तितकंच घटतं. बदल्यात मधला लोब रुंदावतो, म्हणून पासबँडपासून स्टॉपबँडपर्यंतचा उतार पसरट होतो. उतार पुन्हा तीव्र करायला टॅप वाढवायचे. कामाची वाटणी इथे स्वच्छ आहे: दाब किती मिळेल ते विंडोचा आकार ठरवतो, उतार किती रुंद असेल ते टॅपची संख्या ठरवते. फक्त टॅप वाढवून दाब मागणारा माणूस चुकीचं बटण फिरवत असतो.

रोज लागणाऱ्या विंडोंचे आकडे एवढेच. आयताला 21 डीबी आणि उताराची रुंदी 0.9/N. हान विंडोला 44 डीबी आणि 3.1/N. हॅमिंगला 53 डीबी आणि 3.3/N. ब्लॅकमनला 74 डीबी आणि 5.5/N. ही रुंदी सॅम्पलिंगच्या पटीत आहे, म्हणजे हर्ट्झमध्ये हवी तर fs ने गुणा.

आता आपलं उदाहरण. 35 पासून 49 पर्यंत 14 हर्ट्झची जागा आहे. 14 भागिले 500 म्हणजे 0.028. दाब किमान 50 डीबी हवा, म्हणून हान बाद आणि हॅमिंग पुरेशी. टॅप 3.3/0.028, म्हणजे 117.9. वरच्या बाजूचा विषम आकडा घ्यायचा: 119. विषम घेतला की बरोबर मधोमध एक टॅप येतो आणि विलंब पूर्ण सॅम्पलमध्ये मिळतो. लहरी तपासताना किंवा मूळ सिग्नलशी जुळवताना याची किंमत कळते.

```python
h = 2 * fc / fs * np.sinc(2 * fc / fs * m)
h = h * np.hamming(N)
h = h / h.sum()
```

शेवटची ओळ शून्य हर्ट्झवरचा गेन बरोबर 1 करते. विंडोने गुणल्यावर गुणांकांची बेरीज किंचित हलते, ती जागेवर आणली की मूळ पातळी जशीच्या तशी राहते.

पुन्हा `freqz` चालवा आणि या वेळी `dB[f >= 49].max()` पाहा. उणे 53 च्या आसपास, फार तर एखाद्या डीबीच्या फरकाने उत्तर आलं पाहिजे. 35 हर्ट्झच्या आत प्रतिसाद एका डीबीच्या काही शतांशांपेक्षा जास्त हलता कामा नये.

आता 1001 टॅपच्या आयताशी तुलना करा. 50 हर्ट्झ ही वारंवारता कटऑफपासून 8 हर्ट्झ दूर आहे. तिथे 119 टॅपचा नुसता कापलेला फिल्टर सुमारे 26 डीबी दाब देतो, 1001 टॅपचा सुमारे 44. म्हणजे टॅप आठ पटींहून जास्त वाढवूनही तो 119 टॅपच्या हॅमिंगच्या मागेच राहतो. शिवाय त्याचा विलंब 500 सॅम्पल, म्हणजे पूर्ण एक सेकंद. हॅमिंगचा 59 सॅम्पल, म्हणजे 118 मिलिसेकंद. रुग्णाच्या उशाशी चालणाऱ्या पडद्यावर एक सेकंद मागे असलेली लय कोणी स्वीकारणार नाही.

दाब मधलाच कुठला तरी हवा असेल, समजा 60 डीबी, तर ब्लॅकमनकडे धावायची गरज नाही. ब्लॅकमनला याच उतारासाठी 197 टॅप लागतील आणि 74 डीबी मिळेल, जो आपण मागितलेलाच नाही. कायझर विंडोत आकार बदलण्यासाठी β नावाचा एक आकडा असतो. 50 डीबीच्या वर `β = 0.1102 (A − 8.7)`, आणि टॅप `N − 1 = (A − 7.95) / (2.285 Δω)`, जिथे A म्हणजे हवा असलेला दाब डीबीमध्ये आणि Δω म्हणजे उताराची रुंदी रेडियनमध्ये. आपल्याकडे Δω = 2π × 0.028 = 0.176. A = 60 घातलं की β = 5.65 आणि N = 131. हॅमिंगपेक्षा फक्त 12 टॅप जास्त. विंडो पद्धतच वापरायची असेल आणि दाब स्वतः ठरवायचा असेल तर मी नेहमी कायझरच घ्यायला सांगेन. हॅमिंग पटकन करून बघायला चांगली.

विंडो लावली तरी आकडे जुळत नाहीत

पहिली शंका कटऑफच्या मापाची घ्या. काही सूत्रांत वारंवारता सॅम्पलिंगच्या पटीत असते, काहींत त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे नायक्विस्टच्या पटीत. मॅटलॅबच्या `fir1` मध्ये 1 म्हणजे नायक्विस्ट. साय-पायच्या `firwin` ला `fs` दिलं तर हर्ट्झ चालतात, नाही दिलं तर तिथेही 1 म्हणजे नायक्विस्ट. गोंधळ झाला की कटऑफ 42 ऐवजी 84 किंवा 21 वर जातो. हे ओळखणं सोपं आहे: विंडो पद्धतीच्या फिल्टरचा प्रतिसाद कटऑफवर जवळजवळ अर्धा, म्हणजे उणे 6 डीबी असतो. आलेखात उणे 6 कुठे आहे ते पाहा, तो 42 वर नसेल तर माप चुकलंय. उणे 3 डीबीचा बिंदू शोधू नका. ती ओळख बटरवर्थसारख्या फिल्टरांची, इथे ती थोडी अलीकडे मिळते आणि उगाच शंका निर्माण करते.

याच दोन फलनांत आणखी एक फरक आहे. `firwin` ला टॅपची संख्या द्यायची असते, `fir1` ला फिल्टरची ऑर्डर, जी टॅपपेक्षा एकाने कमी. 119 टॅपसाठी `fir1` ला 118 द्या. दोन्ही स्वतःहून हॅमिंगच लावतात, त्यामुळे `firwin(119, 42, fs=500)` चे गुणांक वरच्या हाताने केलेल्या h शी पडताळून पाहता येतात. ते जुळले पाहिजेत.

सूत्र स्वतः सी मध्ये लिहिलं असेल तर मधला टॅप तपासा. `sin(2π fc m / fs) / (π m)` मध्ये m = 0 ला शून्याने भागाकार होतो, तिथे किंमत वेगळी लिहावी लागते: 2fc/fs, आपल्याकडे 0.168. ही ओळ विसरली तर उत्तर थेट `nan` येतं आणि चूक लगेच कळते. पण कोणी "सुरक्षित" म्हणून तिथे 0 किंवा 1 लिहिलं असेल तर फिल्टर चालत राहतो आणि दाब मात्र पार जातो. एका टॅपमधली चूक सगळ्या वारंवारतांवर सारखीच पसरते, म्हणून स्टॉपबँडचा तळ सपाट आणि उंच दिसतो. सपाट तळ दिसला की मधला टॅप आधी बघा. पायथनमध्ये उलटी चूक होते: `np.sinc` मध्ये π आधीच आहे, आपण पुन्हा घातला की कटऑफ भलतीकडेच जातो.

तिसरी जागा विंडोच्या सममितीची. साय-पायचं `get_window` सांगितल्याशिवाय वर्णपट काढण्यासाठीची, म्हणजे एका बाजूने एक नमुना कमी असलेली विंडो देतं. फिल्टरसाठी पूर्ण सममित विंडो हवी, म्हणून `get_window("hamming", N, fftbins=False)` असं लिहा किंवा सरळ `np.hamming` वापरा. चुकलं तर दाब फार बिघडत नाही आणि म्हणूनच चूक लपून राहते. पण फेज सरळ रेषेत राहत नाही, आणि सगळ्या वारंवारतांना एकसारखा विलंब देणं हेच तर एफआयआर घेण्याचं मोठं कारण असतं. `h[0]` आणि `h[-1]` समान आहेत का ते छापून पाहा. एका ओळीचं काम आहे.

संगणकावर बरोबर आणि बोर्डावर चूक, असं असेल तर गुणांक पूर्णांकात बदलताना काय झालं ते पाहा. 16 बिटांत, म्हणजे 32768 ने गुणून, मधला टॅप 5505 च्या जवळ येतो आणि अगदी टोकाचा उणे 4. पूर्णांक करण्यातून येणारी चूक उणे 80 डीबीच्या आसपास राहते, 53 च्या कामाला काही धोका नाही. तेच 8 बिटांत 128 ने गुणून केलं तर टोकाकडचे बरेचसे गुणांक सरळ शून्य होतात. म्हणजे हळूहळू उतरवलेली कड आपण पुन्हा कुऱ्हाडीने तोडली. चूक उणे 32 डीबीच्या आसपास पोचते आणि मग कुठलीही विंडो घ्या, आलेख तिथेच अडकतो.

आणि एक साधी गोष्ट. सिग्नल तुकड्यातुकड्याने येत असेल आणि प्रत्येक तुकड्याला फिल्टर नव्याने लागत असेल, तर प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचे 118 सॅम्पल अर्धवट असतात. दर ठरावीक वेळाने धक्का किंवा खाच दिसते ती यामुळे. मागच्या तुकड्याचे शेवटचे 118 सॅम्पल जपून ठेवा. `lfilter` मध्ये त्यासाठी `zi` आहे.

गोंगाट गेला, पण क्यूआरएसच्या दोन्ही बाजूंना लहरी आल्या

ही तक्रार ऐकली की पुष्कळ जण विंडो बदलत बसतात. 21 डीबीची लाट वारंवारतेच्या आलेखातली होती, ही लहर काळातली आहे. तिचं मूळ विंडोत नाही, तीव्र कटऑफमध्ये आहे. आपल्या h चा आकार पाहा: मधल्या शिखरापासून साधारण 6 सॅम्पलवर, म्हणजे 12 मिलिसेकंदावर, तो शून्य ओलांडतो आणि 17 मिलिसेकंदाजवळ शिखराच्या सुमारे एक पंचमांश इतका खाली जातो. इलेक्ट्रोड हलल्यामुळे एखादा अरुंद काटा आला तर हाच आकार जसाच्या तसा पडद्यावर उमटतो. क्यूआरएस त्याहून रुंद असल्याने त्याच्याभोवतीच्या लहरी लहान असतात, पण असतात. आणि फिल्टर सममित असल्यामुळे त्या आर शिखराच्या आधीही येतात. तिथे खोटी क्यू लाट दिसू शकते, ही गंभीर गोष्ट आहे.

हॅमिंगऐवजी ब्लॅकमन घेऊन आणि टॅप वाढवून उतार तोच ठेवला तर लहरी जवळपास तशाच राहतील. उतारच पसरट करावा लागतो. ठोके मोजायला 25 हर्ट्झपर्यंतचा भाग पुरत असेल तर पासबँडची कड 25 वर आणा, स्टॉपबँड 49 लाच ठेवा. आता जागा 24 हर्ट्झची झाली, म्हणजे 0.048. कटऑफ 37 वर. हॅमिंगला 3.3/0.048, म्हणजे 69 टॅप पुरतात. विलंब 34 सॅम्पल, 68 मिलिसेकंद. 50 हर्ट्झवरचा दाब तेवढाच राहतो आणि लहरी लवकर विरतात, कारण सिंकच्या शेपटीवर विंडो आता बरीच आधी उतरायला लागते. आर शिखराची उंची थोडी जास्त कमी होईल, ती किंमत इथे आहेच. शिखराची उंची मोजायची असेल तर हा मार्ग घेऊ नका. तेव्हा फक्त 50 हर्ट्झभोवतीचा अरुंद पट्टा काढणारा नॉच फिल्टर बघा, लो-पासने ते काम होणार नाही.

जुना आणि नवा सिग्नल एकावर एक ठेवून लहरी तपासत असाल तर आधी नवा सिग्नल 34 सॅम्पल मागे ओढा, 119 टॅपचा असेल तर 59. तसं केलं नाही तर आर शिखर सरकलेलं दिसतं आणि फिल्टरने आकार बिघडवल्याची खोटी शंका येते.